लिंबोळी अर्क अळीचं काय करतो आणि ऊन अर्काचं काय करतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी होऊन महिना-सव्वा महिना झाला, हरभरा फुलावर आला, की एक तक्रार हमखास ऐकू येते: "लिंबोळीचा अर्क मारला, पण अळी तशीच फिरतीय." मी परभणीच्या बाजूला हरभरा, तूर आणि सोयाबीन करतो. गेली बारा-तेरा वर्षं गावात आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर हा अर्क करून दाखवतोय. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरण बहुतेक ठिकाणी हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं घेतलंय, कारण आपल्याकडे रब्बीत याच अळीशी गाठ असते. कडुलिंबाला आपण लिंब म्हणतो, तोच शब्द खाली वापरलाय. लिंबू वेगळं, आणि त्याचाही उल्लेख पुढे येणार आहे.

फवारून दोन दिवस झाले, अळ्या जिवंतच आहेत. अर्क वाया गेला का?

दोन दिवसांवरून काहीच सांगता येत नाही. रासायनिक औषधाची सवय झालेल्या डोळ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी पानाखाली मेलेल्या अळ्या बघायच्या असतात. लिंबोळी अर्क तसं मारत नाही. अळी चालते, हात लावला तर वळवळते. बघायचं ते वेगळंच असतं: ती खातेय का, आणि वाढतेय का.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंड्यावरची अळी हातावर घ्या. अर्क लागू पडला असेल तर ती फवारणीच्या दिवशी होती जवळपास तेवढीच असेल, अंगानं सुकलेली आणि मंद. पानावर तिची ताजी विष्ठा फारशी नसेल. न फवारलेल्या ओळीतली अळी त्याच चार दिवसांत दुप्पट झालेली असते. म्हणून मी प्रत्येक वेळी रानाच्या एका कडेला चार ओळी मुद्दाम कोरड्या सोडतो. त्या चार ओळी नसतील तर अर्कानं काम केलं की थंडीनं अळी मंदावली, हे कुणालाच कळणार नाही.

मग हा अर्क अळीला नेमकं करतो तरी काय?

लिंबोळीच्या मगजात शंभराहून जास्त कडू द्रव्यं असतात. सालॅनिन, निंबिन ही त्यातली काही नावं. पण किडीवरचं खरं काम मुख्यतः एकाच द्रव्याचं, अझाडिरेक्टिनचं. ते १९६८ साली इंग्लंडमध्ये लिंबोळीतून वेगळं काढण्यात आलं. त्याआधी १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली होती. तेव्हा हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं पाहिलं, की टोळ लिंबाच्या झाडांवर उतरतात, पण पानं न खाताच उडून जातात. १९६२ मध्ये टोळांचे थवे आले तेव्हा दिल्लीच्या पुसा संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी लिंबोळीच्या मगजाची पूड पाण्यात कालवून पिकांवर मारली. टोळांनी त्या पिकाला तोंड लावलं नाही.

म्हणजे पहिलं काम चवीचं. किड्याच्या तोंडाभोवती आणि पायांवर चव ओळखणारे बारीक केस असतात. अझाडिरेक्टिन लागलं की "हे खाऊ नको" असं सांगणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि गोडी ओळखणाऱ्या पेशी थंड पडतात. टोळ याबाबतीत फार हळवा, अगदी नखभर प्रमाणही त्याला पुरतं. घाटेअळीलाही चव कळते, पण तिला प्रमाण जास्त लागतं. मावा, तुडतुडे पानाच्या शिरेत सोंड खुपसून रस पितात. पानावर काय लागलंय याची चव त्यांना फारशी येत नाही, म्हणून त्यांच्यावर या चवीच्या कामाचा भरवसा कमी.

दुसरं काम पोटात गेल्यावरचं, आणि माझ्या मते लिंबोळीची खरी ताकद इथे आहे. अळीची कातडी ताणत नाही. वाढायचं असेल तर जुनी कात टाकून आत तयार झालेली नवी, मोठी कात बाहेर काढावी लागते. घाटेअळी कोषात जाईपर्यंत साधारण पाच-सहा वेळा हे करते. कात टाकायचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूजवळच्या ग्रंथीतून एक संप्रेरक बाहेर पडतं, ते छातीतल्या दुसऱ्या ग्रंथीला जागं करतं, आणि ती ग्रंथी एकडायसोन सोडते. एकडायसोन वेळेवर आणि पुरेसं वाढलं तरच कात सुटते. अझाडिरेक्टिन या साखळीच्या सुरुवातीलाच अडसर घालतं. मेंदूकडचं संप्रेरक साठ्यात पडून राहतं, एकडायसोनची लाट उशिरा येते किंवा येतच नाही.

याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. मागच्या पिकात मी अशा अळ्या काचेच्या बरणीत ठेवून भिंगाखाली बघितल्या. एका अळीची जुनी कात अर्ध्या अंगापर्यंत सरकून तिथेच अडकली होती आणि शेपटीकडे काळा गोळा झाला होता. दुसरीच्या डोक्यावर जुन्या डोक्याची टणक टोपी तशीच बसलेली, त्यामुळे तोंड उघडता येत नव्हतं, समोर कोवळा घाटा असून ती उपाशी होती. तिसरी कोषात जाता जाता थांबली, पुढचा भाग कोषाचा आणि मागचा अळीचा. या तिन्ही अळ्या मेल्या, पण कुणी पाचव्या दिवशी तर कुणी नवव्या.

आणखी एक परिणाम रानात दिसत नाही. अंडाशयाच्या वाढीलाही हीच संप्रेरकं लागतात. अर्क खाऊन कशीबशी वाचलेली अळी पतंग झाली तरी अंडी कमी घालते, आणि त्यातली बरीच उबत नाहीत.

म्हणजे मोठ्या अळीवर उपयोग नाही?

फारच कमी. अंगठ्याच्या पेराएवढी अळी झाली की तिच्या बहुतेक काती टाकून झालेल्या असतात. जे बिघडवायचं तेच उरलेलं नसतं. शिवाय तोपर्यंत ती डोकं घाट्यात घालून बसते, अर्क वरच्या टरफलावर राहतो. कपाशीच्या बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीचंही तेच. अर्क मारायचा तो अळी दोन-तीन मिलिमीटरची असताना, पानाचा हिरवा थर खरवडून खात असताना. तेव्हा पानावर बारीक पांढरे, कागदासारखे ठिपके दिसतात. घाट्याला गोल भोक दिसलं, तर लिंबोळीची वेळ निघून गेलीय असं समजा.

अर्क उन्हात खराब होतो म्हणजे नक्की काय होतं? ऊन तर आपण लिंबोळी वाळवायलाही वापरतो.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण बहुतेकांचा अर्क इथेच फसतो.

अझाडिरेक्टिनचा रेणू मोठा आणि गुंतागुंतीचा आहे. केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांना तो प्रयोगशाळेत बनवायला बावीस वर्षं लागली, २००७ मध्ये जमलं. कारखान्यात तो बनवणं परवडत नाही, त्यामुळे बाजारातल्या बाटलीतलं द्रव्यही अजून लिंबोळीतूनच येतं. या रेणूत बऱ्याच कमकुवत जागा आहेत. एका टोकाला ऑक्सिजन असलेलं छोटं कडं आहे, त्यातला दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनशी चटकन संयोग पावतो. दुसऱ्या टोकाला टिग्लिक आम्लाची शेपटी आहे, तिच्यातही दुहेरी बंध आहे, आणि अतिनील किरणांनी त्या शेपटीचं वळण बदलतं. रेणूत इतका बदल झाला तरी किडीवरचा असर बदलतो किंवा जातो.

आता एक बारकावा. जमिनीवर पोचणारे अतिनील किरण साधारण २९० ते ४०० नॅनोमीटर लांबीचे असतात. शुद्ध अझाडिरेक्टिन मात्र त्याहून आखूड, २२० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण जास्त शोषतं, आणि ते किरण वातावरणाच्या वरच्या थरातच अडतात. मग ऊन त्याला मोडतं कसं? थोडं सरळ, आणि बरंच आडवाटेनं. पानावरचं मेण, पानातली रंगद्रव्यं, अर्कातली इतर द्रव्यं ऊन शोषतात आणि ती ऊर्जा शेजारच्या रेणूला किंवा ऑक्सिजनला देतात. असा चेतलेला ऑक्सिजन मग त्या कमकुवत दुहेरी बंधांवर तुटून पडतो.

आणि हे सगळं पातळ थरात होतं, ही खरी अडचण. बादलीतल्या अर्कात ऊन वरच्या बोटभर थरालाच गाठतं. तोच अर्क फवारला की एकराच्या पानांवर कागदाहून पातळ पसरतो. प्रत्येक रेणू उघड्यावर येतो, वरून किरण, भोवती हवा, खाली तापलेलं पान. लिंबोळी वाळवताना तसं होत नाही, कारण द्रव्य कवचाच्या आत, मगजाच्या तेलात बुडून बसलेलं असतं. तरीसुद्धा लिंबोळी सावलीतच वाळवावी.

मग पानावर तो टिकतो किती?

पानावर अझाडिरेक्टिन अर्ध्यावर यायला साधारण एक ते अडीच दिवस लागतात. सोयीसाठी दोन दिवस धरा. सोमवारी सूर्यास्ताला मारलेलं बुधवारी निम्मं, शुक्रवारी पाव, रविवारी दोन आणे. कडक ऊन आणि कोरडा वारा असेल आणि एकाच दिवसात अर्धं जात असेल, तर रविवारी जेमतेम चौसष्टावा हिस्सा उरतो. म्हणून "पंधरा दिवस बघायला नको" असं या अर्काबाबत कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

थोडा भाग पानाच्या आत मुरतो, तिथे ऊन कमी पोचतं आणि तो जास्त टिकतो. मातीतही तो सावलीत असल्यामुळे काही आठवडे राहू शकतो, निंबोळी पेंडीचा परिणाम लांबतो त्याचं हे एक कारण. पण फवारणीचा हिशेब पानावरच्या थरावर करायचा.

ढगाळ हवेत अतिनील किरण कमी होतात, संपत नाहीत. आणि ढगाबरोबर सर आली तर उन्हाआधी पाणीच अर्क धुऊन नेतं.

इतकं लवकर मोडतं, तर त्याचा फायदा काय?

छोट्या अळीला एक-दोन जेवणं पुरतात. द्रव्य पोटात गेलं की पानावर काय उरलंय याच्याशी तिला घेणं नसतं, आतली साखळी बिघडलेली असते. तेव्हा सवाल एवढाच, की ऊन यायच्या आत तिला किती तास खायला मिळाले.

दुसरी बाजूही आहे. पायरेथ्रम हे एका शेवंतीच्या जातीच्या फुलांतून काढतात. त्यातली पायरेथ्रिन्स किड्याच्या मज्जातंतूंतले सोडियमचे दरवाजे उघडे ठेवतात, किडा क्षणात आडवा होतो. पण उन्हात ती काही तासांतच मोडतात. ती उणीव काढायला इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला मायकेल इलियट यांच्या चमूनं रेणूतल्या उन्हाला हळव्या जागा बदलल्या आणि १९७३ मध्ये परमेथ्रिन आलं, उन्हात टिकणारं. त्याच घराण्यातली सायपरमेथ्रिनसारखी औषधं पुढे आपल्या कपाशीवर इतकी मारली गेली की घाटेअळी त्यांना सरावली. टिकाऊपणाची किंमत अशी असते. लिंबोळी घाट्यावर उरत नाही, हे ती मोडते म्हणूनच.

एका एकरासाठी कसं करायचं, पहिल्यापासून सांगा.

माझ्याच रानातलं सांगतो. हरभरा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेला, डिसेंबरच्या मध्याला निम्म्या झाडांवर फूल. एकरात दोन कामगंध सापळे लावले होते. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-दहा पतंग पडले, तेव्हा मी शेंडे तपासायला लागलो. खसखशीएवढी पिवळसर पांढरी अंडी दिसली. चौथ्या-पाचव्या दिवशी पानांवर पांढरे ठिपके आले. नागमोडी चालत दहा जागी एक-एक मीटर ओळ तपासली. मीटरला एक-दोन बारीक अळ्या भरल्या की फवारायची वेळ झाली.

आता वेळेचा भाग. जुनी रीत अशी, की रात्री पूड भिजवा, सकाळी गाळा आणि फवारा. या रीतीत अर्क रानात पडतो दहा वाजता, आणि पुढचे सात-आठ तास उन्हात भाजतो. मी पहिल्या वर्षी नेमकं हेच केलं होतं. आता मी घड्याळ उलटं लावतो. पहाटे पाचला पूड भिजवतो, ड्रम गोणपाटानं झाकून सावलीत ठेवतो, दुपारी साडेतीनला गाळतो, आणि चार-सव्वाचारला पहिला पंप पाठीवर घेतो. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि साडेसहानंतर उजाडतं. अर्काला बारा-तेरा तास अंधार मिळतो. घाटेअळी रात्रीही खाते, तेवढा वेळ तिला पुरतो. मधमाश्याही संध्याकाळी फुलांवरून परतलेल्या असतात.

प्रमाण पाच टक्क्यांचं. एकराला दोनशे लिटर पाणी लागतं, म्हणून दहा किलो मगजाची जाडसर पूड. ती स्वच्छ धोतराच्या पुरचुंडीत सैल बांधून वीस लिटर पाण्यात बुडवायची. दहा तासांत चार-पाचदा ढवळायचं. गाळताना पुरचुंडी पिळायची, पुन्हा थोड्या पाण्यात बुडवून पुन्हा पिळायची, पाणी पांढुरकं निघणं थांबेपर्यंत. हे सगळं मिळून दोनशे लिटर करायचं. वस्त्रगाळ केलं नाही तर नोझल तुंबतं आणि अंधार पडत असताना ते उघडत बसावं लागतं.

पंधरा लिटरचे तेरा-चौदा पंप होतात. एकट्यानं अंधाराआधी होत नाहीत. एक तर दोघांनी दोन पंप घ्या, नाही तर अर्धा एकर आज, अर्धा उद्या, आणि अर्कही अर्धा-अर्धाच भिजवा. कालचा अर्क आज वापरू नका.

सातव्या दिवशी मोजलं तेव्हा कोरड्या सोडलेल्या चार ओळींत अळ्या बोटाच्या पेरापेक्षा लांब झाल्या होत्या, घाट्यांना भोकं पडली होती. फवारलेल्या भागात ज्या सापडल्या त्या तांदळाच्या दाण्याहून जरा मोठ्या, काहींच्या अंगावर अडकलेली कात. सगळ्या मेल्या नव्हत्या. पण घाटे वाचले होते. नवीन अंडी दिसत होती, म्हणून दहाव्या दिवशी दुसरी फवारणी केली. नसती दिसली तर केली नसती.

साबण कधी घालायचा? आणि पाणी कुठलं?

याच्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि उन्हाखालोखाल अर्क इथेच मरतो. अझाडिरेक्टिन किंचित आंबट पाण्यात टिकतं, सामू ४ ते ६ असेल तर उत्तम. पाणी अल्कधर्मी झालं की रेणूतले एस्टर बंध सुटायला लागतात, आणि सामू १० च्या आसपास गेला तर काही तासांतच खेळ संपतो. त्याला ऊन लागत नाही, झाकलेल्या ड्रममध्येही हे होतं.

आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी बऱ्याचदा जड आणि अल्कधर्मी असतं, सामू ८ च्या आसपास. त्यात धुण्याची पावडर पडली की तो आणखी वर जातो. लोक सोय म्हणून पूड भिजवतानाच साबण टाकतात. मीही टाकायचो.

सामू बघायच्या कागदी पट्ट्या कृषी सेवा केंद्रात किंवा प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडे मिळतात. एका बाटलीत लिटरभर पाणी घ्या, लिंबाचा, म्हणजे लिंबूचा, रस थेंब-थेंब टाकत पट्टी ६ दाखवेपर्यंत मोजा, आणि त्या हिशेबानं ड्रमला घाला. प्रत्येक बोअरचं प्रमाण वेगळं येतं, म्हणून मी आकडा देत नाही. साबण शंभर लिटरला दोनशे ग्रॅम, वेगळ्या पाण्यात विरघळवून, पंप भरताना अगदी शेवटी. तो लागतोच, कारण त्याशिवाय थेंब पानावरून घरंगळतात. साबण घातल्यावर पुन्हा पट्टी बुडवून बघा, आणि भरलेला पंप लगेच रिकामा करा. बोर्डो मिश्रण किंवा चुन्याचं काहीही यात मिसळू नका.

पाला उकळून चालतो का? दशपर्णी? लिंबोळीचं तेल?

पाल्यात अझाडिरेक्टिन बीच्या मानानं फार कमी असतं, आणि उकळल्यावर जे असतं तेही जातं. उरतो तो कडवटपणा. कडू लागलं म्हणजे काम करेल, असं नसतं. दशपर्णीत दहा झाडांची द्रव्यं असतात, पण कोणतं किती उतरलं हे प्रत्येक ड्रमला वेगळं. मी ती नाकारत नाही, पण घाटेअळी आर्थिक नुकसानीच्या पातळीवर आलेली असताना तिच्यावर विसंबत नाही.

घाण्याच्या तेलाचं काम निराळं. अझाडिरेक्टिनचा मोठा भाग पेंडीतच राहतो, तेलात कमी येतं. मावा, पिठ्या ढेकूण अशा मऊ किडींवर तेलाचा थर बसून त्यांची श्वासाची छिद्रं बंद होतात, तिथे ते बरं. अळीसाठी मगजाचा अर्क.

बाटलीवरचं ३००, १५००, १०,००० पीपीएम म्हणजे काय?

दहा लाख भागांत अझाडिरेक्टिनचे किती भाग, एवढंच. १५०० पीपीएमच्या एका लिटरमध्ये ढोबळमानानं दीड ग्रॅम. आपल्याकडे ते दहा लिटरला पन्नास मिली घालायला सांगतात, म्हणजे फवाऱ्याच्या लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम पडलं. ३०० पीपीएमची बाटली स्वस्त म्हणून घेऊन तेवढीच मात्रा टाकली, तर लिटरमागे दीडच मिलिग्रॅम पडतं. ही साधी तुलना केल्याशिवाय किंमत बघू नका. चांगल्या मगजात हजार ग्रॅममागे दोन ते सहा ग्रॅम द्रव्य असतं. पाच टक्के अर्कात लिटरला पन्नास ग्रॅम मगज जातो, त्यातलं निम्मंच उतरलं तरी पन्नास मिलिग्रॅमच्या वर भरतं. घरचा अर्क नीट केला तर तो कमजोर नसतो. बाटलीत मात्र टिकवणारी आणि चिकटवणारी द्रव्यं असतात, ती घरी नसतात. बाटली घेताना तयार केल्याची तारीख बघा, आणि दुकानाबाहेर उन्हात मांडलेली घेऊ नका.

माझा अर्क जिवंत आहे की मेलेला, घरी कसं ओळखू?

काचेच्या तीन बरण्या घ्या. हरभऱ्याचे कोवळे शेंडे तोडून दोन जुड्या अर्कात बुडवा, एक साबणाच्या पाण्यात. अर्कातली एक जुडी सावलीत आणि एक जुडी दोन दिवस उन्हात ठेवा, देठ ओल्या कापसात गुंडाळून, म्हणजे सुकणार नाही. मग प्रत्येक बरणीत एक जुडी आणि पाच बारीक अळ्या टाका, प्रत्येकीला वेगळ्या छोट्या बाटलीत ठेवता आलं तर अधिक चांगलं, कारण घाटेअळ्या एकमेकींना खातात. तीन दिवसांनी विष्ठा आणि आकार बघा. सावलीतल्या जुडीवर अळ्या खुज्या राहिल्या आणि उन्हातल्या जुडीवर पोसल्या, तर अर्क चांगला होता, ऊनच आडवं आलं. दोन्हीकडे पोसल्या तर दोष लिंबोळीत किंवा पाण्यात.

सीताफळाच्या बियांचं काय? बालाघाटात ढिगानं मिळतात.

धारूरकडच्या बिया कामाच्या आहेत, पण काम वेगळं. त्यांतली अॅसिटोजेनिन्स पेशीच्या ऊर्जा तयार करण्याच्या यंत्रणेला, मायटोकॉन्ड्रियाला, पहिल्याच पायरीवर अडवतात. पेशी असलेल्या कुणालाही ते बाधू शकतं. पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, म्हणून चष्मा आणि तोंडाला कपडा बांधल्याशिवाय दळायचं नाही, आणि घरातल्या मिक्सरमध्ये तर कधीच नाही. तंबाखूच्या काढ्याबद्दल एवढंच: निकोटिन कातडीतून अंगात जातं, मी ते कुणाला करायला सांगत नाही.

लिंबोळी मग पूर्ण निर्धोक?

कात टाकायचं संप्रेरक माणसात नाही, म्हणून अझाडिरेक्टिन आपल्याला आणि जनावरांना फारसं बाधत नाही. पण लिंबोळीचं तेल पाजल्यानं तान्ही मुलं गंभीर आजारी पडल्याची आणि दगावल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. बाळाला ते थेंबभरही देऊ नये. मित्रकिडींपैकी ढालकिड्याच्या आणि क्रायसोपाच्या अळ्याही कात टाकतात, थेट अंगावर पडलं तर त्यांनाही त्रास होतो. उरलेला अर्क तळ्यात किंवा विहिरीत ओतू नका, माशांना तो सोसत नाही.

अळ्या मोठ्या झाल्यावर लक्षात आलं, आता?

अर्क भिजवत बसू नका. क्षेत्र लहान असेल तर सकाळी वेचून काढा, पक्षिथांबे लावा. मीटरमागे मोजून अळ्या पातळीच्या वर असतील, तर इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के, दहा लिटरला ४.४ ग्रॅम, लेबल वाचून, एकदा. लिंबोळीवर माझा जीव आहे म्हणून हातचं पीक जाऊ द्यावं, असं मला वाटत नाही.

लिंबोळ्या कधी आणि कशा गोळा करायच्या?

ज्येष्ठ-आषाढात, पिवळ्या होऊन गळायला लागल्या की. खाली चादर अंथरून रोज वेचा, ओल्या मातीत दोन दिवस पडली तर बुरशी शिरते. गर पाण्यात चोळून काढा, बी सावलीत पातळ पसरून वाळवा आणि ज्यूटच्या पोत्यात, हवेशीर जागी, जमिनीपासून वर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजते. गोळा केल्यापासून तीन ते आठ महिन्यांतली बी सगळ्यात चांगली. जूनमध्ये वेचलेली डिसेंबरात सहा महिन्यांची होते, हरभऱ्याला नेमकी लागू पडते. दळायच्या आधी दहा बिया फोडून बघा. मगज हिरवट पिवळा असेल तर घ्या. तपकिरी, काळा किंवा कुबट वासाचा दहात तीनपेक्षा जास्त निघाला, तर ते पोतं खतात टाका. दळून ठेवू नका, भिजवायच्या आदल्या संध्याकाळी दळा, कारण पूड केली की कवच गेलं, आणि हवा लागायला लागली.